फेरिटिन लाल अक्षरात आलं, म्हणून लोह जास्त झालं असं नाही

*नमस्कार डॉक्टर. ह्यांचं वय ४६. ऑफिसातून फुल बॉडी चेकअप झालं, त्यात फेरिटिन ६८४ आलं, लाल अक्षरात. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, हा हेमोक्रोमॅटोसिस असणार, अंगात लोह साठतं, रक्त काढावं लागतं, आणि आजार आनुवंशिक आहे. तेव्हापासून मी लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर टाकलाय, पालक-मेथी बंद केलीय. शेजारचे काका म्हणतात, दर तीन महिन्यांनी रक्तदान करा, आपोआप उतरेल. ह्यांना त्रास काही नाही, फक्त संध्याकाळी थकतात. रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवतेय. मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याची जीन टेस्ट आत्ताच करून घेऊ का?*
*– सौ. अ. कु., सुदामा नगर, इंदूर*

ताई, सगळी पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. लोक नुसतं लाल आकड्याचं पान पाठवतात, आणि या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्या पानावर नसतंच. तुमच्या बाबतीतही ते दोन पानं पुढे आहे, साध्या काळ्या अक्षरात. तिथे सीरम आयर्न ९२ आहे, टीआयबीसी, म्हणजे रक्त एकूण किती लोह वाहू शकतं ते माप, ३१८ आहे, आणि त्याखाली ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे त्यातलं किती भरलंय ते, २८.९३ टक्के. ९२ ला ३१८ ने भागून शंभराने गुणलं की हाच आकडा येतो, तुम्ही घरी करून बघा. तो नॉर्मल आहे, म्हणून लॅबने त्याला रंग दिला नाही आणि कोणाचं लक्ष गेलं नाही. तुमच्या यजमानांना हेमोक्रोमॅटोसिस असण्याची शक्यता फार कमी आहे, असं मी म्हणतोय ते मुख्यतः या एका आकड्याच्या जोरावर.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे भाच्यालाही सांगता येईल.

फेरिटिन हे शरीरातलं लोह साठवायचं प्रथिन. एका फेरिटिनच्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. पण हा भरलेला साठा असतो पेशींच्या आत, मुख्यतः यकृतात. आपण दंडातून रक्त काढून मोजतो ते फेरिटिन पेशींमधून बाहेर आलेलं असतं आणि त्यात लोह जवळपास नसतंच. छावणीच्या मंडईत एखाद्या गोदामाबाहेर रिकाम्या बारदानांचा ढीग दिसला, तर आत धान्य खूप आहे असं वाटणं साहजिक आहे, आणि कधी ते खरंही असतं. पण भिंत पडली, आत धावपळ झाली, तरी बारदानं बाहेर येतातच. रक्तातलं फेरिटिन म्हणजे तो बाहेरचा ढीग.

हा ढीग लोहाशिवाय दोन वाटांनी वाढतो. शरीरात कुठेही सूज असली, म्हणजे ताप, संसर्ग, सांधेदुखीचे आजार, तर फेरिटिन जास्त बनतं आणि जास्त बाहेर पडतं. डेंग्यूत ते हजारांत गेलेलं दर पावसाळ्यात दिसतं आणि माणूस बरा झाला की उतरतं. दुसरी वाट यकृताची. तिथल्या पेशींना मार बसला, चरबीने, दारूने, काविळीने, की आतलं फेरिटिन गळतं. शिवाय लठ्ठपणा, वाढती साखर आणि फॅटी लिव्हर एकत्र आले की त्यांच्याबरोबर धुमसणारी एक बारीक सूज असते. तिचा ताप येत नाही, दुखत नाही, पण फेरिटिन ३०० ते १००० च्या मध्ये कुठेतरी नेऊन ठेवायला ती पुरते. ओपीडीत वाढलेलं फेरिटिन घेऊन येणाऱ्यांत खरं लोह साठलेले थोडे असतात, बाकीची गर्दी या लोकांची.

आता खऱ्या हेमोक्रोमॅटोसिसमध्ये काय होतं ते बघा. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक बनवतं. त्याचं काम आतड्याला सांगायचं, बस झालं, आता लोह आत घेऊ नको. निरोगी माणूस दिवसाला एक-दोन मिलीग्रॅम लोह घेतो आणि तेवढंच घालवतो. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच, सगळा ताबा आत घेण्यावर. या आजारात जनुकातल्या दोषामुळे हेप्सिडिन कमी पडतं आणि आतडं गरजेपेक्षा जास्त घेत राहतं, रोज, वर्षानुवर्षं. निरोगी अंगात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं, या लोकांत ते पन्नाशीपर्यंत वीस ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकतं.

आतड्यातून आलेलं हे लोह आधी रक्तातल्या ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनावर चढतं. म्हणून आजाराची पहिली खूण तिथे दिसते. ट्रान्सफेरिनच्या जागा भरत जातात, सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर जातं, पुढे ६०, ८० होतं. वाहकावर जागा उरली नाही की सुटं लोह यकृत, स्वादुपिंड, हृदय, सांधे इथे उतरू लागतं. फेरिटिन त्याच्या मागून वाढतं. म्हणजे क्रम ठरलेला: आधी सॅच्युरेशन, मग फेरिटिन. तुमच्या यजमानांच्या कागदावर फेरिटिन ६८४ पर्यंत पोचलंय आणि सॅच्युरेशन २९ वर निवांत बसलंय. लोह आतड्यातून धो धो येत असतं तर असं दिसलं नसतं. उलट सूज असली की हेप्सिडिन वाढतं आणि आतडं लोह कमीच घेतं.

याच्याशेजारी मनाने एक दुसरा कागद ठेवा. वय ३६, फेरिटिन ४१०, सीरम आयर्न १९८, टीआयबीसी २४५. फेरिटिन तुमच्यापेक्षा कमी, लॅबचा लाल रंगही तेवढाच. पण भागाकार करा, सॅच्युरेशन ८१ टक्के येतं. मला विचाराल तर तुमच्या ६८४ पेक्षा हा ४१० मला जास्त घाबरवेल, आणि या माणसाला मी त्याच आठवड्यात पुढच्या तपासण्या सांगेन. तर्जनी आणि मधल्या बोटाचे मुठीतले सांधे दुखतात का, कातडी काळवंडलीय का, साखर लागलीय का, शारीरिक इच्छा कमी झालीय का, घरात कोणाचं यकृत खराब झालं होतं का, हे सगळं विचारेन. थकवा मी मुद्दाम शेवटी ठेवतो. ४६ व्या वर्षी, वजन वाढलेलं असताना, संध्याकाळी थकणारा माणूस इंदूरच्या कुठल्याही गल्लीत सापडेल.

तर मग ६८४ आलं कुठून? त्याचंही उत्तर तुम्ही पाठवलेल्या पानांवर आहे. वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. सोनोग्राफीत ग्रेड दोन फॅटी लिव्हर. यकृताची एन्झाइम्स एसजीपीटी ७२ आणि एसजीओटी ४८. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड २६२, साखर ११२, आणि एचबीए१सी ६.१. हिमोग्लोबिन १४.८ आणि लाल पेशींचा आकार नॉर्मल, म्हणून थॅलेसेमिया मायनर वगैरे शंका बाजूला ठेवता येते. (ती शंका आपल्या शहरात घ्यावी लागते. मायनरच्या लोकांचं हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं म्हणून नको असताना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि तिथे मात्र खरंच लोह साठू शकतं.) ताई, हा कागद लोहाचा नाहीच, हा चरबीचा आणि साखरेचा कागद आहे. एचबीए१सी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. फेरिटिनच्या लाल रंगाने सगळ्यांचं लक्ष तिकडे ओढलं आणि हा आकडा वाचायचा राहून गेला, याचं मला खरं वाईट वाटतंय.

एक गोष्ट त्यांना एकटं गाठून विचारा, किंवा त्यांनी डॉक्टरांना एकट्याने सांगावी: पिणं किती आहे. पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि घरच्यांना माहीत असतं त्यापेक्षा खरं प्रमाण बरेचदा जास्त असतं. नियमित दारूने फेरिटिन एकट्याच्या बळावर एवढं वाढू शकतं, सॅच्युरेशनही वर ढकलू शकतं. खात्री करून घ्यायची सोपी पद्धत म्हणजे दोन महिने थेंबही न घेता पुन्हा रक्त तपासणं. दारू कारण असेल तर फेरिटिन लक्षात येण्याइतकं खाली येतं.

आता तुमच्या स्वयंपाकघराकडे. कढई आणि तवा माळ्यावरून खाली काढा. लोखंडी भांड्यातून थोडं लोह अन्नात उतरतं हे खरं आहे, पण ज्याचं हेप्सिडिन शाबूत आहे त्याच्यात आतडं ते गरजेपुरतंच घेतं. पालक-मेथी बंद करून तर नुकसानच आहे. भाजीतलं लोह मुळात कमी शोषलं जातं आणि फॅटी लिव्हरला हव्या त्याच भाज्या तुम्ही ताटातून काढल्यात. काढायचंच असेल तर सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलबी काढा, त्यावर मुठीने पडणारी शेव काढा, उन्हाळ्यात रोजची झालेली शिकंजी काढा. आपली शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी नव्हे, आटवलेलं गोड दूध आहे, हे बाहेरगावच्या आहारतज्ज्ञांना मला अनेकदा समजावून सांगावं लागतं. सराफ्यात रात्री अकराला जेवणानंतरचं दुसरं जेवण होतं तेही. पुढच्या सहा ते बारा महिन्यांत वजन सहा ते आठ किलोंनी उतरलं, तर यकृतातली चरबी कमी होईल, एसजीपीटी खाली येईल, आणि फेरिटिनही त्यांच्या मागोमाग उतरायला हवं. त्यासाठी फेरिटिनवर वेगळं औषध नाही आणि लागतही नाही.

रक्तदानाबद्दल काकांचा हेतू चांगला आहे. तुमचे यजमान निरोगी दाता म्हणून रक्तपेढीच्या निकषात बसत असतील तर दर तीन महिन्यांनी अवश्य द्यावं, पुण्य आहे. पण उपचार म्हणून नको. खऱ्या हेमोक्रोमॅटोसिसमध्ये रक्त काढणं हाच मुख्य उपचार असतो. एका वेळी साधारण ४५० मिली, त्यातून दोनशे ते अडीचशे मिलीग्रॅम लोह जातं. सुरुवातीला दर आठवड्याला काढतात, फेरिटिन ५० ते १०० च्या आसपास येईपर्यंत, मग वर्षातून मोजक्या वेळा. तिथे वीस ग्रॅमचा डोंगर उपसायचा असतो. तुमच्या घरी डोंगरच नाही. साठा साधारणच आहे हे धरून असं दर आठवड्याला काढत राहिलं, तर काही पिशव्यांतच माणूस अॅनिमिक होईल, आणि फेरिटिन उतरलं तरी ते ज्या सुजेमुळे वाढलंय ती तशीच राहील. फॅटी लिव्हर असलेल्यांत रक्त काढून काही फायदा होतो का, हे ऑस्ट्रेलियात नीट तपासून पाहिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल छापून आला: नुसत्या आहार-व्यायामाच्या सल्ल्यापेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही.

भाच्यावर रागावू नका. तो जिथे राहतो तिथे त्याचं पहिलं बोट हेमोक्रोमॅटोसिसकडे जाणं स्वाभाविक आहे. उत्तर युरोपातून आलेल्या कुटुंबांत एचएफई या जनुकातला C282Y हा बदल इतका पसरलेला आहे की साधारण दोनशे-अडीचशे माणसांमागे एकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. हे जनुक १९९६ मध्ये सापडलं आणि त्यानंतर तिथे ही तपासणी सर्रास झाली. आणि दोन्ही प्रती असलेल्या सगळ्यांनाही आजार होत नाही. आपल्या लोकांत C282Y अगदीच विरळा. आपल्याकडे त्याच जनुकातला H63D हा बदल बऱ्याच जणांत सापडतो आणि तो एकटा लोह साठवत नाही. गोंधळ इथेच होतो. फॅटी लिव्हरवाला माणूस जीन टेस्ट करतो, रिपोर्टवर H63D पॉझिटिव्ह असं छापून येतं, आणि घरभर हेमोक्रोमॅटोसिसचा शिक्का बसतो. ज्या रिपोर्टचा अर्थ लावता येणार नाही तो काढायलाच जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भारतात जेव्हा खराखुरा आनुवंशिक लोहसाठा भेटतो, तेव्हा दोष बरेचदा दुसऱ्याच जनुकांत असतो आणि ती पॅकेजमधल्या टेस्टमध्ये नसतातच.

म्हणून मुलाची टेस्ट आत्ता नको. हा आजार साधारणपणे दोन्ही आईवडिलांकडून दोष आला तरच होतो, त्यामुळे वडिलांत खरंच निघाला असता तरी पहिला नंबर मुलाचा नव्हे, वडिलांच्या सख्ख्या भावा-बहिणींचा लागला असता. त्यांना शक्यता चारात एक असते. आणि तीही तपासणी जनुकाची नव्हे, आधी फेरिटिन आणि सॅच्युरेशनची.

माझ्या निष्कर्षाच्या मर्यादाही सांगतो, कारण एका सॅच्युरेशनवर मी फार वजन टाकलंय. रक्तातलं लोह दिवसभरात वर-खाली होतं, म्हणून दुसऱ्यांदा तपासताना सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. ते मल्टीव्हिटॅमिन घेत असतील तर पट्टीमागे फेरस काही लिहिलंय का बघा, आणि आठवडाभर आधीपासून गोळी बंद ठेवा, नाहीतर आकडा खोटा वर जाईल. सर्दी-तापात किंवा त्यानंतर दोन-तीन आठवडे तपासू नका. यकृत फारच खराब झालं की ट्रान्सफेरिन कमी बनतं आणि लोह न वाढता सॅच्युरेशन फुगतं, पण तुमच्याकडे टीआयबीसी ३१८ आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

फेरिटिन वाढलेलं आणि सॅच्युरेशन नॉर्मल, असं दाखवणारे दोन आनुवंशिक प्रकारही आहेत. एकात लोह खरंच साठतं, पण आतड्यापेक्षा साठवणाऱ्या पेशींत अडकून. दुसऱ्यात लोह अजिबात जास्त नसतं, फक्त फेरिटिन जन्मापासून जास्त बनतं आणि डोळ्याच्या भिंगात साचून तरुणपणीच मोतीबिंदू होतो. यात चुकून रक्त काढायला घेतलं की माणूस झपाट्याने अॅनिमिक होतो. तेवढ्यासाठी सासूबाईंना एकदा विचारून ठेवा, घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिशी-चाळिशीत झालं होतं का. साठीनंतरचं धरू नका, ते सगळ्यांचंच होतं.

पुढे काय करायचं ते असं. या आठवड्यात जवळच्या एमडी फिजिशियनला सगळी पानं दाखवा आणि सूज दाखवणारी सीआरपी, यकृताची जीजीटी, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या करून घ्या, पॅकेजमध्ये त्या नव्हत्या. बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर मोजा, पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर आपल्या लोकांत तो जास्त धरतात. यकृतात जखमेचे वण पडायला लागलेत का, याचा ढोबळ अंदाज तुमच्याच आकड्यांवरून मी काढला: वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीच्या वर्गमूळाच्या गुणाकाराने भागायचं. ४६ गुणिले ४८ म्हणजे २२०८. खाली २१० गुणिले ८.४९, म्हणजे सुमारे १७८३. भागाकार १.२४ येतो. १.३ च्या आत आहे, म्हणजे आज तरी मोठे वण नसावेत. पण रेषेच्या जवळ आहे, म्हणून एकदा यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घेतलेला मला आवडेल.

तीन महिन्यांनी, वजन थोडं उतरल्यावर, फेरिटिन आणि आयर्न प्रोफाइल पुन्हा करा. सॅच्युरेशन दुसऱ्यांदाही ४५ च्या खाली आणि फेरिटिन उतरतंय, तर लोहाचा विषय संपला, साखर आणि यकृत यांच्यामागे लागा. सॅच्युरेशन ४५ च्या वर निघालं, किंवा फेरिटिन १००० च्या पुढे गेलं, किंवा वजन, साखर, दारू सगळं ताब्यात येऊनही ते चढतच राहिलं, तर यकृततज्ज्ञाकडे जा. ते यकृतातलं लोह मोजणारा एमआरआय सांगतील. त्यात सुई नाही, बायोप्सी नाही, आणि गोदामाच्या आत खरंच किती माल आहे ते थेट कळतं. साधा पोटाचा एमआरआय करून चालत नाही, चिठ्ठीवर 'लिव्हर आयर्न, टी-टू स्टार' असं लिहून घ्या आणि सेंटरला फोन करून त्यांच्याकडे ती सोय आहे का ते आधी विचारा, नाहीतर पैसे जातात आणि हवा तो आकडा रिपोर्टवर येत नाही.